42 थेंब मोजले, तरी सलाईन पळत होतं

जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला असताना सिन्नरहून पहाटेच्या एसटीनं नाशिकला ड्युटीला यायचे. ड्रिपचं गणित तोंडपाठ होतं: किती मिली, गुणिले सेटचे थेंब, भागिले मिनिटं. चुकण्यासारखं त्यात काही आहे असं वाटतच नव्हतं.

महिला वॉर्डात एका आजींना 500 मिली नॉर्मल सलाईन चार तासांत द्यायचं होतं. चार तास म्हणजे 240 मिनिटं.

500 × 20 ÷ 240 = 41.67

अर्धामुर्धा थेंब पडत नाही, म्हणून 42. घड्याळ चेंबरशेजारी धरलं, रोलर सरकवत पूर्ण मिनिटभर मोजून 42 लावले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

तासाभरानं बघते तर बाटलीतून जवळपास 170 मिली गेलेलं. जायला हवं होतं 125. आजींनी हात सरळ केला असेल, म्हणून वेग वाढला असेल, असं आधी वाटलं. मनगट वाकलं की सलाईन मंदावतं, सरळ झालं की पळतं, हे रोजचंच. पुन्हा मोजले. बरोबर 42! थेंब तेवढेच आणि मिली जास्त, म्हणजे थेंबच मोठा होता.

इन्चार्ज सिस्टरांनी सेटचं पाकीट शोधून माझ्यापुढे धरलं. त्यावर एक मिलीला 15 थेंब असं छापलं होतं. रोज 20 चा सेट हाताळून मी 20 हा आकडा गृहीतच धरला होता. 15 च्या सेटनं मिनिटाला 42 थेंब म्हणजे 2.8 मिली, तासाला 168. बाटली तीन तासांतच रिकामी झाली असती.

खरा आकडा असा:

500 × 15 ÷ 240 = 31.25, म्हणजे 31

सिस्टरांनी लगेच 31 लावायला सांगितले आणि डॉक्टरांना बोलावलं. जास्त गेलेलं कसं सांभाळायचं, हे आपण परस्पर ठरवायचं नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. डॉक्टरांनी आजींची छाती तपासली, सगळं ठीक होतं. उरलेलं 330 मिली राहिलेल्या तीन तासांत जाऊ द्या, म्हणाले.

330 × 15 ÷ 180 = 27.5, म्हणजे 28

त्या दुपारी सिस्टरांनी एक युक्ती शिकवली. आधी तासाचे मिली काढायचे. 20 चा सेट असेल तर त्याला 3 नं भागायचं, 15 चा असेल तर 4 नं. आमचे तासाला 125 होते; 3 नं भागले तर 42, 4 नं भागले तर 31. लहान मुलांच्या मायक्रो सेटला एक मिलीचे 60 थेंब, आणि तासाची मिनिटंही 60, त्यामुळे भागाकारच उरत नाही: तासाला 40 मिली तर मिनिटाला 40 थेंब.

आता बाटलीला वेळेची चिकटपट्टी लावताना सगळ्यात वर सेटचा आकडा लिहिते, तोही पाकीट हातात असतानाच. पंधरा मिनिटांनी पट्टीवरची रेघ आणि पाण्याची पातळी जुळतेय का, ते बघायला परत जाते. नुसते थेंब मोजून ही चूक सापडली नसती.