कंपनीच्या बसचं वेळापत्रक आणि १.०२ चं कोरिलेशन

आमची कंपनी महापे एमआयडीसीत. सकाळच्या शिफ्टची एक बस कासारवडवलीहून निघते आणि घोडबंदर रोडने माजिवडा, कळवा पूल, विटावा, ऐरोली असं करत महाप्याला येते. ही बस किती मिनिटं आधी सोडायची म्हणजे लोकांना लेटमार्क लागणार नाही, हे ठरवायचं काम ऑक्टोबरात माझ्याकडे आलं. आधीच्या माणसाने बनवलेली एक्सेल शीटही सोबत आली.

शीटमध्ये प्रवासाचे दोन टप्पे होते. पहिला कासारवडवली ते कळवा नाका आणि दुसरा कळवा नाका ते महापे. पहिल्या टप्प्याच्या वेळेचं स्टँडर्ड डेव्हिएशन ६ मिनिटं, दुसऱ्याचं ८. व्हेरिअन्स म्हणजे याचा वर्ग, म्हणून ३६ आणि ६४. शीटने त्यांची सरळ बेरीज करून १०० काढले होते, त्याचं वर्गमूळ १०, आणि दुपटीने राखीव वेळ ठेवायची म्हणून २० मिनिटं. एवढी राखीव वेळ असूनही बस पावसाळाभर उशिरा येत होती.

ट्रान्सपोर्टच्या काकांना विचारलं तर म्हणाले, "अहो, पाऊस पडला की माजिवड्याला पण तुंबतं आणि विटाव्याच्या सबवेत पण पाणी भरतं. दोन्हीकडे एकदमच वाट लागते." मला हवं होतं ते या वाक्यात आलं. व्हेरिअन्सची सरळ बेरीज तेव्हाच चालते, जेव्हा दोन टप्प्यांत कोरिलेशन नसतं. एरवी सूत्र असं आहे:

Var(X+Y) = Var(X) + Var(Y) + 2 Cov(X,Y)

शेवटचं पद का येतं तेही सोपं आहे. एकूण उशीर म्हणजे दोन टप्प्यांचा सरासरीहून झालेला उशीर एकत्र. त्या बेरजेचा वर्ग केला की दोघांचा गुणाकार दोनदा येतो, आणि त्या गुणाकाराची सरासरी म्हणजे कोव्हेरिअन्स. दोन्ही टप्पे एकाच दिवशी लांबत असतील तर गुणाकार बहुतेक दिवशी धन येतो आणि बेरीज फुगते.

शीटच्या एका कोपऱ्यात कोव्हेरिअन्स काढून ठेवलेलाही होता, ४९. तो वापरला मात्र कुठेच नव्हता. मी कोरिलेशन काढलं, म्हणजे ४९ भागिले (६ × ८). उत्तर १.०२.

आमच्या मॅडम म्हणाल्या, "दशांशातला फरक असेल, एक धरून चाल." मला ते पटेना. १.०२ आणि ०.९८ मध्ये फरक किरकोळ दिसतो, पण ०.९८ हे खऱ्या बसचं असू शकतं, १.०२ कुठल्याच बसचं असू शकत नाही.

का, ते याच आकड्यांवर पाहू. व्हेरिअन्स ही वर्गांची सरासरी, तो शून्याखाली जाऊच शकत नाही. मग दोन टप्प्यांतल्या फरकाचा व्हेरिअन्स काढून पाहिला. तिथे दुप्पट कोव्हेरिअन्स वजा होतो. ३६ + ६४ − ९८ = २. धन आला! म्हणजे या परीक्षेत १.०२ पास झालं आणि मी जरा अडखळलो. नीट विचार केल्यावर लक्षात आलं की साध्या फरकाची परीक्षा पुरेशी कडक नाही, कारण दुसरा टप्पा मुळातच जास्त हेलकावे खातो. दोघांना एका मापावर आणायला हवं. म्हणून पहिल्या टप्प्याला ८/६ ने गुणलं. आता त्याचंही स्टँडर्ड डेव्हिएशन ८ झालं, व्हेरिअन्स ६४, आणि कोव्हेरिअन्स ४९ × ८/६ म्हणजे ६५.३३. फरकाचा व्हेरिअन्स ६४ + ६४ − १३०.६७ = −२.६७. ऋण. हे अशक्य.

हेच सर्वसाधारणपणे लिहायचं तर प्रत्येक टप्प्याला त्याच्या स्वतःच्या स्टँडर्ड डेव्हिएशनने भागायचं. मग प्रत्येकाचा व्हेरिअन्स १ होतो, त्यांचा कोव्हेरिअन्स म्हणजेच कोरिलेशन ρ, आणि

Var(X/σx − Y/σy) = 2 − 2ρ ≥ 0
Var(X/σx + Y/σy) = 2 + 2ρ ≥ 0

पहिल्या ओळीतून ρ एकाहून मोठा नाही, दुसरीतून उणे एकाहून लहान नाही. कॉलेजात हे कोशी-श्वार्झ असमानतेतून पाठ केलं होतं. या दोन ओळी तेव्हा कुणी फळ्यावर लिहिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बसच्या भाषेत या मर्यादेचा अर्थ मला जास्त आवडला. कोरिलेशन १ असेल तर एकूण वेळेचं स्टँडर्ड डेव्हिएशन ६ + ८ = १४ मिनिटं, आणि उणे १ असेल तर ८ − ६ = २ मिनिटं. कोरिलेशन काहीही असो, उत्तर २ ते १४ च्या आतच. शीटमधला १० हा मधला एक मुक्काम, कोरिलेशन शून्य असतानाचा. आणि कोव्हेरिअन्स ४९ धरला तर ३६ + ६४ + ९८ = १९८, वर्गमूळ १४.०७. दोन टप्पे मिळून, दोघांच्या हेलकाव्यांच्या बेरजेपेक्षाही जास्त हेलकावे? शक्यच नाही.

मग आकडा आला कुठून? पहिला संशय सूत्रांवर. COVARIANCE.S ला STDEV.P सोबत वापरलं तर कोरिलेशन n/(n−1) पट फुगतं. पण शीटमध्ये सगळीकडे .S च होतं. शिवाय दोन्ही टप्प्यांच्या नोंदी असलेले ८० दिवस होते, म्हणजे फुगवटा ८०/७९, जेमतेम सव्वा टक्का. तेवढा काढूनही आकडा एकाच्या वरच राहिला असता.

खरी भानगड रिकाम्या रकान्यांत होती. पहिल्या टप्प्याच्या नोंदी जानेवारीपासून होत्या, दुसऱ्याच्या जूनपासून, कारण कळवा नाक्याहून पुढची वेळ टिपायला तेव्हाच सुरुवात झाली. VAR.S रिकामे रकाने गुपचूप सोडून देतं. त्यामुळे पहिल्या टप्प्याचा ३६ हा कोरडे महिने धरून निघालेला, आणि कोव्हेरिअन्स फक्त पावसाळ्यातला, जिथे दोन्ही नोंदी होत्या. एकाच भागाकारात वर पावसाळा आणि खाली जवळजवळ अख्खं वर्ष. व्हेरिअन्स आणि कोव्हेरिअन्स एकाच दिवसांवरून काढले तर मर्यादा मोडूच शकत नाही. ती मोडली की दिवस वेगळे, नाहीतर सूत्रं वेगळी, एवढं नक्की.

फक्त सामाईक दिवस ठेवले. पहिल्या टप्प्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन ६ वरून ८ झालं, दुसऱ्याचं ८ च राहिलं. कोरिलेशन ४९/६४, म्हणजे ०.७७. एकूण व्हेरिअन्स ६४ + ६४ + ९८ = २२६, वर्गमूळ १५. खात्री करायला दोन्ही टप्प्यांच्या बेरजेचा वेगळा रकाना केला आणि त्यावर थेट VAR.S लावलं. २२६ च आले. पावसाळ्यासाठी राखीव वेळ २० ऐवजी ३० मिनिटं मंजूर झाली. सव्वासहाची बस सहा पाचला निघणार म्हटल्यावर बसमधल्या मंडळींनी माझा जो उद्धार केला तो इथे लिहीत नाही.

डिसेंबर-जानेवारीच्या नोंदी आल्यावर मात्र गंमत झाली. कोरिलेशन उणे ०.४. मला आधी पुन्हा रिकाम्या रकान्यांचाच वास आला, पण दिवस सगळे जुळत होते. काकांनीच उलगडा केला. बस कळव्याला वेळेत पोचली की ड्रायव्हर नाक्यावर निवांत चहा घेतो, उशीर झाला असेल तर चहा रद्द. चहाची ही वेळ दुसऱ्या टप्प्यात मोजली जाते. कोरड्या दिवसांत दोन्ही टप्प्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन ५ होतं. सरळ बेरीज ५०, त्यातून दुप्पट कोव्हेरिअन्स म्हणजे २० वजा, उरले ३०. वर्गमूळ साडेपाच, सरळ बेरजेने ७ आलं असतं. म्हणून हिवाळ्यासाठी ११ मिनिटं राखीव धरली, पावसाळ्याची ३० तशीच ठेवली आणि नोटीस बोर्डावर दोन वेगवेगळी वेळापत्रकं लावली.