बाबांची कनटोपी, भाग ३: टाके कसे घालायचे यावरच आठवडा गेला

मागच्या वेळी सांगितलं होतं ना, बाबांची जुनी टोपी उसवून नवीन करायला घेतलीये. उसवायचं कारण एकच. बाबा पहाटे अंबाझरीला फिरायला जातात, डिसेंबरात टोपीशिवाय निघायची सोय नाही, आणि परत आले की कपाळावर आडवी लाल रेघ. टोपी लहान नव्हती बरं का, वरची रिब मस्त ताणायची, पण अगदी खालची कड म्हणजे दोरीच जणू. आई म्हणाली "काऊन इतके घट्ट टाके घालतेस?" आणि मग मी तिच्याशीच वाद घातला, कारण टाके घालायला शिकवलं तिनेच :)

तर या वेळी टोपी सुरू करायच्या आधी नुसते नमुने विणले. टाके घालायच्या वेगवेगळ्या पद्धतींचे पाच नमुने, प्रत्येकी ४० टाके, एक सुलट एक उलट, १० नंबरची सुई म्हणजे ३.२५ मिमी, २० ओळी. लोकर इतवारीतून आणलेली, थोडी खरी लोकर आणि बाकी अक्रिलिक अशी मिक्स, मध्यम जाडीची. प्रत्येकाची फक्त कड हातात धरून ताणायची आणि मोजपट्टी लावायची. जीव खाऊन नाही ओढायचं, आरामात जितकी येते तितकीच, कारण डोक्यावर ती तासभर तशीच ताणलेली राहणारे.

आधी हिशोब सांगते, तो केला नाही तर नमुन्यांचा काही उपयोग नाही. बाबांचं डोकं ५६ सेंमी आणि टोपीला टाके १००. म्हणजे एका टाक्याला अर्धा सेंमीच्या जरा वर, आणि ४० टाक्यांच्या नमुन्याची कड २२.४ सेंमीपर्यंत सहज यायला पाहिजे. त्याच्या खाली आली की कपाळावर रेघ ठरलेली. वरची रिब २४ पर्यंत येऊन राहिली होती, म्हणजे कापडात दम आहे, अडतंय ते कडेलाच.

पहिला नमुना आपला नेहमीचा लाँग टेल. अंगठ्यावर धाग्याचं मोकळं टोक म्हणजे शेपूट, बोटावर गोळ्याचा धागा, घरोघरी हेच चालतं. कड आली २० सेंमी. जुन्या टोपीच्या मापाने ५० सेंमी, आणि डोकं ५६. झालं निदान.

मग दुसरा नमुना तोच लाँग टेल पण जाड सुईवर, ८ नंबर म्हणजे ४ मिमी, कारण जिला विचारावं ती हेच सांगते की "टाके घट्ट होतात तर जाड सुईवर घाल". कड आली २०.५. बस अर्धा सेंमी! आणि पहिली ओळ अशी ढगळ दिसायला लागली की वाटावं कोणी शिकाऊ विणून राहिलंय. मला आधी पटेचना, दोनदा मोजलं. मग कड उन्हात धरून नीट पाहिली तेव्हा कळलं. लाँग टेलमध्ये दोन गोष्टी एकदम होतात, सुईवर बसतो तो फास आणि त्याच्या बुडाशी शेपटीच्या धाग्याची एक अर्धगाठ. कड किती ताणणार हे ठरतं एका अर्धगाठीपासून दुसरीपर्यंत किती धागा सुटलाय त्यावर. जाड सुईने फक्त वरचा फास मोठा होतो, बुडातला धागा तेवढाच राहतो कारण आपण प्रत्येक टाका आधीच्याला चिकटवून ओढतो ना! म्हणून कड दोरीसारखीच आणि वरून पहिली ओळ ढिली, म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

हे लक्षात आल्यावर तिसरा नमुना, तोच लाँग टेल, तीच १० नंबरची सुई, पण टाका ओढताना उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक सुईवर आधीच्या टाक्याला लावून ठेवायचं आणि नवीन टाका बोटाच्या पलीकडे बसू द्यायचा. मध्ये ३-४ मिमी जागा राहते. सुईवर टाके विरळ दिसतात, पक्षी तारेवर बसल्यासारखे, आणि आपल्याला वाटतं हे काहीतरी चुकतंय, पण पहिल्या दोन ओळी झाल्या की कड सरळ होते. मापलं तर २२.५. पास, पण काठावर. शिवाय माझा हात मध्येच घट्ट होतो, टीव्ही पाहत असले तर विशेष, मग ते पाचसहा टाके लगेच वेगळे कळतात. तुमचा हात एकसारखा असेल तर याच्या पुढे वाचायची गरजच नाही खरं तर.

शेपटीचं सांगून ठेवते कारण इथे मी एकदा फसले. सुईवर १० वेळा धागा गुंडाळायचा, तेवढा १० टाक्यांना लागतो, हा अंदाज चिकटून घातलेल्या टाक्यांचा आहे. जागा सोडून घातले तर पाव हिस्सा तरी जास्त धरा. ८७ टाक्यांवर शेपूट संपली की काय वाटतं ते ज्याचं त्याला माहीत. सोपा उपाय म्हणजे गोळ्याची दोन्ही टोकं घ्यायची, बाहेरचं आणि आतलं, एकत्र गाठ मारायची, एक अंगठ्यावर एक बोटावर, मग शेपूट संपतच नाही. ती गाठ टाका म्हणून मोजायची नाही, दोनचार ओळींनी सोडून टाकायची. दोन टोकं जास्त खोचावी लागतात, एवढंच.

चौथा, जर्मन ट्विस्टेड, याला ओल्ड नॉर्वेजियन पण म्हणतात. धागे लाँग टेलसारखेच धरायचे. फरक अंगठ्यावर: सुई अंगठ्याच्या दोन्ही धाग्यांच्या खालून न्यायची, मग वरून अंगठ्याच्या फासात खाली घालून आपल्याकडे काढायची, म्हणजे फासाला पीळ पडतो. मग बोटावरचा धागा घ्यायचा, अंगठा जरा वाकवून पीळ उघडायचा, त्या फटीतून सुई खाली काढायची आणि अंगठा सोडायचा. पहिले वीस टाके बोटं एकमेकांत अडकतात, नंतर हात आपोआप जातो. त्या पिळात जास्तीचा धागा साठून राहतो आणि ताणलं की तोच मिळतो, म्हणून हात थोडा घट्ट असला तरी चालून जातं. माप २३.५. कड जराशी जाड, वेणीसारखी दिसते. शेपूट यालाही जास्त लागते.

पाचवा ट्युब्युलर, ज्याच्यासाठी एवढा आटापिटा. दुकानातल्या स्वेटरची कड पाहिली असेल, तिथे साखळी दिसतच नाही, रिब पुढून मागे नुसती वळून जाते. मी इटालियन पद्धतीने घातले. एक टाका बोटावरच्या धाग्याचा, तो अंगठ्याच्या धाग्याखालून ओढून घ्यायचा, पुढचा अंगठ्याच्या धाग्याचा, तो बोटाच्या धाग्याखालून, असं आळीपाळीने. गाठ कुठेच नाही, म्हणून शेवटचा टाका झाला की दोन्ही धाग्यांना एक पीळ द्यायचा नाहीतर सगळं सुटून येतं (आलं!). सुई अजून बारीक, १२ नंबर म्हणजे २.७५ मिमी. पहिल्या ओळीत बघत चला, काही टाक्यांचा पाय उलटा बसलेला असतो, तो मागच्या पायातून विणायचा नाहीतर पीळ राहतो.

मग दोन ओळी अशा: एक सुलट विणायचा, धागा पुढे आणून पुढचा टाका न विणता उलट्यासारखा सरकवायचा, पूर्ण ओळ तेच. परतीच्या ओळीतही तेच, तेव्हा आधी सरकवलेले विणले जातात. टाके सम संख्येत हवेत. दोन ओळी झाल्या की १० नंबरवर जाऊन साधी रिब. पहिल्यांदा मी हौसेने चार ओळी केल्या, तर कड झालर लावल्यासारखी बाहेर पसरली. कारण त्या ओळींत रिबसारखा आत ओढणारा जोर नसतो, ते दोन सुटे पदर असतात, जितक्या जास्त ओळी तितकी कड ढिली. दोनच ओळी आणि बारीक सुई, मग नीट बसते. माप २४, म्हणजे कापड जेवढं येतं तेवढीच कड येते, याच्यापुढे काही मागायला उरत नाही.

टोपी गोल विणायची तर लगेच जोडू नका. हे टाके सुईभोवती गोल फिरतात, कुठला वर कुठला खाली कळत नाही, माझी दोनदा पिळून जोडली गेली आणि तीन फेऱ्या झाल्यावर कळलं, बाप्पा, डोक्याला हात लावला. त्या पहिल्या दोन ओळी सपाटच विणायच्या, मग जोडायचं, आणि खालची छोटी फट शेपटीने शिवून टाकायची. दिसत नाही. एक सुलट एक उलटसाठी हे सगळं सरळ आहे. दोन-दोनची रिब हवी असेल तर टाक्यांची अदलाबदल करावी लागते, दर चारातल्या मधल्या दोघांची, उलटा मागे ठेवून. तिथे मी तरी जर्मन ट्विस्टेडच घालीन, शंभर टाक्यांत पंचवीस वेळा तो खेळ कोण करणार.

आता बाह्यांचं. याच लोकरीचं भाच्याचं स्वेटर पण सुरू आहे, मनगटाला ४४ टाके. मला वाटलं टोपीसाठी जे ठरलं तेच इथेही. पण हिशोब केला तर वेगळंच निघालं. अंगठा आत घेऊन हाताचा घेर २२ सेंमी, म्हणजे टाक्याला बरोबर अर्धा सेंमी, ४० टाक्यांना २०. टोपीपेक्षा कमी ताण लागतो, आणि तोही हात आत जाताना क्षणभर. मनगट फक्त १६ आहे, म्हणजे इथे खरी परीक्षा ताणायची नसून परत येण्याची. म्हणून सगळे नमुने दहादहा वेळा ताणून सोडले आणि परत मापले. सुरुवातीला सगळे साधारण १३ होते. जर्मन ट्विस्टेड १३.५ वर आला, ट्युब्युलर १४ वर. मग कुतूहल म्हणून तोच ट्युब्युलर पूर्ण अक्रिलिकमध्ये केला, तो १५ वर जाऊन तिथेच बसला. खरी लोकर परत ओढून घेते, अक्रिलिक तेवढं नाही. त्यात मी शहाणपणा करून त्या अक्रिलिकवर ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली, म्हटलं आवळेल. रिब पापडासारखी चपटी झाली ती झालीच, धुतली तरी उठली नाही. नमुना होता म्हणून वाचले.

भाचा बाह्या दिवसातून पन्नास वेळा वर ओढतो, तर त्याला जर्मन ट्विस्टेड, जाड कड घासायलाही टिकेल. बाबांना ट्युब्युलर. काल रात्री १०० टाके घातले, या वेळी पीळ न पडता जोडली, रिब ४ सेंमी झालीये. सकाळी सुयांसकटच बाबांच्या डोक्यावर धरून पाहिली, केबलवाली गोल सुई आहे म्हणून जमलं, आणि कड कपाळावर कुठे टोचत नाही. बाबा म्हणाले "रंग जरा गडद नाही मिळाला का?"

पुढच्या भागात वरचे टाके कमी करायचे आहेत, आठ भागांत की दहा ते अजून ठरलं नाही.