दोन नोकऱ्या, एकच स्टँडर्ड डिडक्शन: माझं पहिलं आयटीआर

एप्रिल 2024 मध्ये पुण्यात पहिली नोकरी लागली, महिना 60,000. ऑक्टोबरमध्ये दुसरी मिळाली, 85,000. दोन्हीकडे बारा महिन्यांत एक रुपयाही कर कापला गेला नाही, त्यामुळे आपल्याला कर लागतच नाही हे मी गृहीत धरलं होतं. जुलै 2025 मध्ये आयटीआर भरायला बसले आणि 34,150 रुपये भरायचे निघाले. हा आकडा कसा आला ते सविस्तर लिहिते, कारण वर्षाच्या मध्ये नोकरी बदललेल्या कुणाचंही असं होऊ शकतं.

सुरुवातीला मी बँकेत जमा झालेले पगार बेरजेला घेतले: 8,15,300. साताऱ्याचा मामा बरीच वर्षं एका सीएंच्या ऑफिसात काम करतोय. त्याला फोनवर आकडा सांगितला तर म्हणाला, "अगं, हातात आलेला पगार धरायचा नाही. पगारपत्रक उघड आणि डाव्या बाजूची बेरीज वाच."

पत्रकात डावीकडे कमाई असते, उजवीकडे कपात. माझ्या पहिल्या पत्रकात डावीकडे बेसिक 30,000, एचआरए 12,000 आणि उरलेला स्पेशल अलाउन्स, असे एकूण 60,000 होते. उजवीकडे पीएफ 3,600 आणि प्रोफेशनल टॅक्स 200. हातात आले 56,200, पण उत्पन्न धरायचं ते 60,000. पीएफचे पैसे मला मिळाले नव्हते तरी ते माझ्याच पगारातून गेले होते, म्हणून ग्रॉसमध्ये येतात. ऑफर लेटरमधल्या सीटीसीत कंपनीने स्वतःकडून भरलेला पीएफ आणि ग्रॅच्युइटीही मोजलेली असते. माझ्या पातळीच्या पगारात ती रक्कम ग्रॉसमध्ये येत नाही. थोडक्यात, सीटीसी जास्त, हातातला पगार कमी, आणि ग्रॉस त्या दोन्हींच्या मधे कुठेतरी.

पहिले सहा महिने 3,60,000, पुढचे सहा 5,10,000. एकूण ग्रॉस 8,70,000.

यातून नव्या करपद्धतीत 75,000 स्टँडर्ड डिडक्शन वजा होतं. त्यासाठी पावती लागत नाही, गुंतवणूक लागत नाही, पगार आहे एवढं पुरे. शिवाय ते महिन्यांच्या हिशेबाने कमी होत नाही. कुणी वर्षात चारच महिने नोकरी केली तरी पूर्ण 75,000 मिळतात. पण ते माणसाला मिळतं, कंपनीमागे नाही. माझं घोडं नेमकं इथेच पेंड खात होतं.

पहिल्या कंपनीने फॉर्म 16 दिलाच नव्हता. कर कापलेला नसेल तर तो देणं बंधनकारक नसतं, म्हणून त्यात त्यांची चूक नाही. पण सप्टेंबरच्या पगारपत्रकाखाली त्यांचा कराचा अंदाज छापलेला होता. वर्षाचे 7,20,000 धरून त्यातून 75,000 वजा, उरले 6,45,000. त्या वर्षी नव्या पद्धतीत करपात्र उत्पन्न 7 लाखांपर्यंत असेल तर कलम 87A च्या सवलतीने कर शून्य व्हायचा. म्हणून टीडीएस शून्य. दुसऱ्या कंपनीने फॉर्म 16 चा हिशेबाचा भाग, म्हणजे भाग ब, दिला होता. त्यात 5,10,000 मधून परत 75,000 वजा, उरले 4,35,000, कर शून्य.

दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा लक्षात आलं. दोघांचंही गणित आपापल्या जागी बरोबर होतं. दोघांनीही मला पूर्ण स्टँडर्ड डिडक्शन दिलं आणि दोघांनीही 7 लाखांची मर्यादा जणू माझं दुसरं उत्पन्नच नाही असं धरून लावली. आयकर खात्यासाठी मात्र मी एकच व्यक्ती, एकच पॅन.

खरा हिशेब असा झाला. 8,70,000 मधून एकदाच 75,000 गेले, पगाराचं उत्पन्न उरलं 7,95,000. त्यात बचत खात्याचं व्याज 6,200 मिळवायचं. नव्या पद्धतीत त्यावर वेगळी सूट नाही. करपात्र उत्पन्न 8,01,200. ते 7 लाखांच्या वर गेल्यामुळे सवलत गेली आणि कर थेट स्लॅबने लागला. पहिल्या 3 लाखांवर काही नाही, 3 ते 7 लाखांवर 5 टक्क्यांनी 20,000, वरच्या 1,01,200 वर 10 टक्क्यांनी 10,120. एकूण 30,120, त्यावर 4 टक्के सेस धरून 31,325.

जुन्या पद्धतीत वाचेल का, हेही पाहिलं. तिथे स्टँडर्ड डिडक्शन 50,000 च, पण प्रोफेशनल टॅक्सचे 2,500, घरभाड्यावरची सूट, पीएफ 80C मध्ये आणि बचत खात्याचं व्याज 80TTA मध्ये वजा होतं. महिना 12,000 भाड्यावर माझी एचआरए सूट साधारण एक लाख निघाली. भरलेल्या भाड्यातून बेसिकचे 10 टक्के वजा केले की तो आकडा येतो, कारण माझ्या बाबतीत तीन मर्यादांपैकी तोच सगळ्यात कमी होता. सगळं वजा करून करपात्र 6,64,800 उरले, तरी कर 47,000 च्या वर गेला. तिथे 5 लाखांनंतर सरळ 20 टक्के लागतात, म्हणून. त्यामुळे नवी पद्धतच ठेवली. ती निवडल्यावर भाड्याच्या पावत्या आणि प्रोफेशनल टॅक्स या दोन्ही गोष्टी हिशेबातून बाद होतात, हे मला आधी माहीत नव्हतं.

पोर्टलवर ITR-1 उघडल्यावर पगाराच्या रकान्यात आधीच भरून आलेला आकडा फक्त दुसऱ्या कंपनीचा होता. तो तसाच पुढे नेला असता तर कर शून्य दिसला असता आणि नंतर कधीतरी नोटीस आली असती. मी पहिल्या कंपनीच्या सहाही पगारपत्रकांवरून 3,60,000 हाताने भरले. `Standard deduction` च्या ओळीत 75,000 एकदाच आहेत ना, हे मामाने फोनवर माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

मूळ करावर 2,825 रुपये व्याज लागलं, कारण टीडीएस कापून वर्षाचा कर 10,000 किंवा त्याहून जास्त उरत असेल तर तो वर्षातच हप्त्यांनी आगाऊ भरायचा असतो. मी तो भरला नव्हता, म्हणून कलम 234B आणि 234C चं व्याज. उशिराच्या प्रत्येक महिन्याला 234B चा एक टक्का वाढतो, त्यामुळे मी सप्टेंबरची मुदत येईपर्यंत थांबले नाही. `e-Pay Tax` मधून आकारणी वर्ष 2025-26 निवडून सेल्फ असेसमेंट टॅक्स म्हणून 34,150 भरले. चलन रिटर्नमध्ये दिसतंय याची खात्री करूनच सबमिट केलं आणि आधारच्या ओटीपीने लगेच ई-व्हेरिफाय केलं.

हे सगळं टळलं असतं एका कागदाने. दुसऱ्या कंपनीत रुजू होताना एचआरने फॉर्म 12B दिला होता, आधीच्या नोकरीतला पगार आणि कापलेला कर कळवण्यासाठी. कर कापलाच नाही तर लिहायचं काय, असं म्हणून मी तो कोरा ठेवला. तो भरला असता तर त्यांनी आधीचे 3,60,000 धरून ऑक्टोबर ते मार्च महिना साधारण पाच हजार कापले असते आणि व्याज लागलं नसतं.

2025-26 पासून स्लॅब बदलले आहेत. नव्या पद्धतीत पगारदाराला 75,000 वजा करून 12 लाखांपर्यंत कर लागत नाही. पण दोन कंपन्यांच्या बेरजेने कुणी 12 लाखांच्या वर गेलं तर हाच प्रकार होतो, फक्त आकडे मोठे.

काही आठवड्यांनी कलम 143(1) ची सूचना मेलवर आली. माझा आणि खात्याचा हिशेब दोन रकान्यांत शेजारी शेजारी, शेवटच्या ओळीत मागणी शून्य. तिचा स्क्रीनशॉट सगळ्यात आधी मामाला पाठवला.