पांढरा रंग, पानेतर आणि अर्थाचा रकाना

एका दिवाळी अंकासाठी ‘लग्नातले आणि सणांतले रंग’ या विषयावर लेख लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा संपादकांनी विषयाबरोबर एक तक्ताही पाठवला होता. डावीकडे रंग, मधे देश आणि उजवीकडे अर्थ, अशी त्याची मांडणी होती. पांढरा म्हणजे युरोपात पावित्र्य, भारतात आणि एकूणच पूर्वेकडे शोक. लाल म्हणजे सौभाग्य. काळा म्हणजे अशुभ. लेख या तक्त्याच्या आधाराने लिहावा आणि तक्ता चौकटीत छापावा, अशी त्यांची अपेक्षा होती. “वाचकाला एका नजरेत कळायला हवं,” असे ते म्हणाले, आणि मासिक चालवणाऱ्या माणसाची ही अपेक्षा मला गैर वाटली नाही. तक्त्यातली प्रत्येक ओळ कुठे ना कुठे, कोणत्या ना कोणत्या काळी खरी होती. ती जागा आणि तो काळ मात्र तक्त्यात नव्हता, म्हणून लिहायला बसण्याआधी निदान पांढऱ्याची ओळ तपासून पाहायचे मी ठरवले.

सुरुवात युरोपापासून केली, कारण तिथली ओळ सर्वांत पक्की वाटत होती. स्कॉटलंडची राणी मेरी हिचा विवाह १५५८ मध्ये पॅरिसमध्ये फ्रान्सच्या युवराजाशी झाला, तेव्हा तिने पांढरा पोशाख घातला होता. याच मेरीचे सुमारे १५६० मधले एक प्रसिद्ध चित्र आहे. त्यातही तिच्या डोक्यावर पांढरे वस्त्र आहे, पण ते सुतकाचे आहे, कारण फ्रेंच राजघराण्यातल्या स्त्रिया त्या काळी शोकात पांढरे वापरत. एकच स्त्री, एकच दरबार आणि मधे जेमतेम दोन-तीन वर्षांचे अंतर. तरीही ‘युरोपात पांढरा म्हणजे लग्न’ हे वाक्य तिच्यापुरतेसुद्धा टिकत नाही.

आज आपण ज्याला ख्रिस्ती विवाहाचा पांढरा झगा म्हणतो, त्याची लोकप्रियता साधारणपणे राणी व्हिक्टोरियाच्या १० फेब्रुवारी १८४० च्या विवाहापासून वाढत गेली. तिचा पोशाख पांढऱ्या सॅटिनचा होता आणि त्यावर डेव्हन परगण्यातल्या कारागिरांनी हाताने विणलेली होनिटनची लेस होती. यंत्रावरच्या लेसमुळे त्या हातकारागिरांचा धंदा बसत चालला होता, आणि देशी मालाला आधार मिळावा हा त्या निवडीमागचा एक उघड हेतू होता. पावित्र्याचा अर्थ त्या रंगाला ठामपणे चिकटला तो पुढच्या काळातल्या स्त्रियांच्या मासिकांतून. शिवाय सामान्य घरांतल्या मुली त्यानंतरही कित्येक दशके आपल्याकडचा सर्वांत चांगला रंगीत पोशाखच लग्नात घालत राहिल्या, कारण एकदाच वापरायचा पांढरा झगा शिवणे त्यांना परवडत नव्हते. म्हणजे लेसचा धंदा, राजघराण्याचे अनुकरण आणि एकदाच वापरायच्या झग्याचा खर्च एवढ्या गोष्टी त्या एका रंगामागे होत्या, आणि तक्त्याच्या रकान्यात त्यांच्याऐवजी ‘पावित्र्य’ हा एकच शब्द बसला होता.

जपानचे उदाहरण तर मला फारच उपयोगी पडले. तिथल्या पारंपरिक विवाहात वधू ‘शिरोमुकु’ हा नखशिखान्त पांढरा पोशाख घालते, आणि पारंपरिक पद्धतीच्या अंत्यविधीत मृतालाही पांढराच किमोनो घालतात. मग पाहणाऱ्याला फरक कसा कळतो? जिवंत माणसाच्या किमोनोची डावी बाजू उजवीवर येते, तर मृताच्या किमोनोची उजवी बाजू डावीवर. दोन्हीकडे रंग तोच असतो आणि अर्थ कपडा गुंडाळण्याच्या पद्धतीवरून ओळखला जातो. ‘पूर्वेकडे पांढरा म्हणजे शोक’ असे लिहिणाऱ्याची नजर या बाजूंपर्यंत पोचलेलीच नसते.

मग मी घराजवळ आले. मुंबईत आमच्या मजल्यावर एक गुजराती काकी राहतात आणि त्यांच्या लग्नाचे पानेतर अजून त्यांच्या कपाटात आहे. पानेतर म्हणजे पांढऱ्या रेशमाची, लाल काठांची, बांधणीकाम केलेली साडी. भारतात पांढरा शोकाचा असेल, तर ही साडी लग्नात कशी चालते, असा माझा प्रश्न होता. त्यांनी तो हसण्यावारी नेला. “माझ्या मामांनी आणलं होतं. तू रंग विचारतेस, पण तेव्हा रंगाबद्दल कोणी बोललंच नाही. मामा काय घेऊन येतात, तेवढंच सगळे बघत होते.” पुढे त्यांनी सांगितले की विधींच्या ओघात सासूबाईंनी त्यांच्या अंगावर घरचोळे घातले. लाल रंग, जरीच्या रेघांनी आखलेले चौकोन आणि चौकोनांत बांधणीची नक्षी, असे त्याचे रूप असते. चौकोनांची संख्या बारा किंवा बावन्न ठेवण्याची रीत आहे. पांढरे माहेरचे आणि लाल सासरचे, आणि काही वेळ दोन्ही एकाच अंगावर. “मग सासूबाई विधवा झाल्यावर काय नेसत?” असे मी भीतभीतच विचारले. “पांढराच साडला,” काकी म्हणाल्या, “पण त्याला काठ नव्हता आणि बांधणीही नव्हती.”

या बोलण्यातून मला लेखाची पद्धत मिळाली. रंगाला अर्थ काय, हे विचारणे मी सोडून दिले आणि त्याऐवजी प्रत्येक उदाहरणाला ठरावीक प्रश्न विचारू लागले. नेमके वस्त्र कोणते? ते विधीच्या कोणत्या टप्प्यावर अंगावर येते? ते कोण देते? त्याच रंगाचे दुसरे कोणते वस्त्र त्याच घरात वेगळ्या प्रसंगी वापरतात आणि त्या दोघांतला फरक कशावरून ओळखतात? आणि शेवटी, अर्थ सांगणारी व्यक्ती कोण आहे: नेसणारी, देणारी, पुरोहित, दुकानदार की बाहेरून आलेला लेखक? यांतला चौथा प्रश्न सर्वांत कामाचा ठरतो, कारण सरसकट विधान बहुधा त्यावरच अडखळते.

काकींच्या पानेतरावर ही पद्धत लावून पाहिली. तक्त्याच्या वळणाने लिहिले असते, तर वाक्य झाले असते: ‘गुजराती वधू पावित्र्याचे प्रतीक म्हणून पांढरी साडी नेसते.’ या वाक्यातले पावित्र्य काकींनी एकदाही उच्चारले नव्हते. ते युरोपाच्या रकान्यातून इथे आले असते. लेखात शेवटी गेले ते असे: ‘अनेक गुजराती हिंदू कुटुंबांत वधू विधींना बसते ती मामाकडून आलेले पानेतर नेसून, हे पांढऱ्या रेशमाचे, लाल काठांचे असते. पुढे सासरकडचे लाल घरचोळे त्यावर येते. मुंबईतल्या एका ज्येष्ठ गृहिणीच्या आठवणीत पानेतराचे महत्त्व रंगापेक्षा ते आणणाऱ्या मामात होते.’ ‘अनेक कुटुंबांत’ हा शब्दप्रयोग इथे पळवाट नाही, कारण त्याच्या मागे प्रदेश, समाज, वस्त्र आणि देणारा सांगितलेला आहे. तोच प्रयोग ‘भारतात अनेक ठिकाणी पांढरा शोकाचा मानतात’ या वाक्यात केला, तर लेखकाने फक्त हात झटकले असे होते. ‘मानतात’ या क्रियापदाला कर्ता हवा, हा नियम मी त्या लेखापुरता स्वतःला घालून घेतला आणि पहिल्या खर्ड्याची निम्मी वाक्ये त्यात गळाली.

काळ्या रंगाची ओळ तर मराठी वाचकासाठी लिहिताना टिकणे शक्यच नव्हते. एरवी मंगलप्रसंगी काळे टाळणारी आपली घरे संक्रांतीला नव्या सुनेला मुद्दाम काळी साडी घेतात आणि तिच्या अंगावर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने घालतात. बोरनहाणाला बाळाचे झबलेही काळे असते. मंगळसूत्रातले मणी काळेच असतात, हे तर सांगायलाही नको. संक्रांतीच्या काळ्याचे कारण विचारले की जवळपास प्रत्येक घरात एकच उत्तर मिळते: थंडीचे दिवस असतात आणि काळा रंग उष्णता धरून ठेवतो. हे उत्तर मी लेखात घेतले, पण ‘लोक असे कारण सांगतात’ अशा रूपात, कारण माझ्या मते ते पुरेसे नाही. थंडी हेच कारण असते, तर सबंध पौष महिना काळ्या साड्यांत गेला असता. चाल कोणती आहे ही एक नोंद आणि चालीचे कारण काय सांगितले जाते ही दुसरी; दोन्ही एकाच वाक्यात ‘म्हणून’ने जोडल्या की लेखक स्वतःच नवी परंपरा तयार करून ठेवतो.

असे कारण आपल्या डोळ्यांदेखत कसे तयार होते, हे नवरात्रातल्या नऊ रंगांवरून दिसते. महाराष्ट्रात ही चाल गेल्या दोन-अडीच दशकांत वृत्तपत्रांच्या आवाहनातून पसरली. पहिले सात रंग वारांवरून ठरतात: सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा, याप्रमाणे. २०२४ मध्ये घटस्थापना गुरुवारी होती, म्हणून पहिला रंग पिवळा होता. २०२५ मध्ये ती सोमवारी आली आणि पहिला रंग पांढरा झाला. पण पहिली माळ दोन्ही वर्षी शैलपुत्रीचीच, त्यामुळे तिला एका वर्षी पिवळ्याचा आनंद आवडतो आणि पुढच्या वर्षी पांढऱ्याची शांती, असे संदेश लोकांच्या मोबाइलवर फिरत राहतात. लोकलच्या महिला डब्यात सगळ्या जणी एका रंगात दिसतात त्यातली मौज खरी आहे, आणि लेखात ती मौज म्हणूनच यावी असे मला वाटते. तिला पुराणांचा आधार जोडण्याची गरज नाही.

लेख पूर्ण झाल्यावर संपादकांची हरकत अपेक्षितच होती. त्यांचे म्हणणे असे, की इतक्या अटी घातल्या तर वाचक दमेल. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. एका परिच्छेदात मी प्रत्येक वाक्याला समाज, प्रदेश आणि काळ जोडला होता आणि तो मलाच वाचवेना. तो आम्ही दुरुस्त केला, तेव्हा प्रदेश आणि समाज परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात एकदाच सांगितला आणि पुढची वाक्ये मोकळी सोडली. तक्ता मात्र त्यांना हवाच होता. मग त्यातला ‘देश’ हा रकाना काढून ‘समाज आणि प्रदेश’ असा केला, ‘वस्त्र’, ‘प्रसंग’ आणि ‘कोण देते’ हे रकाने नव्याने घातले आणि ‘अर्थ’च्या जागी ‘सांगितला जाणारा अर्थ’ असे लिहिले. पानेतराच्या ओळीत त्या शेवटच्या रकान्यात काय लिहायचे, हे काकींना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मामाचं आहे, एवढंच लिही.” तसेच छापले.