गाठ आहे, मग काढत का नाही?

"डोक्यात गाठ घेऊन तुम्ही दुकानात बसताच कसे? काढून का टाकत नाही एकदाची?"

गाठ मेंदूत नाही, हे पहिल्यांदा. ती कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या तोल सांभाळणाऱ्या नसेच्या आवरणाला आलेली आहे. कॅन्सर नाही, पसरत नाही. एवढं सांगून मी सहसा विषय बदलतो. पण परवा भांडी बाजारातल्याच एका शेजाऱ्याने चारचौघांत विचारलं, "घाबरलात का?" म्हणून आज सगळं सांगतो.

हो, घाबरलोय. पण काढत नाही त्याचं कारण तेवढंच नाही.

डाव्या कानाचं आधी फोनवर कळलं. फोन डाव्या कानाला लावला की समोरचा तोंडात घास घेऊन बोलतोय असं वाटायचं, उजव्याला नेला की स्वच्छ. एका डॉक्टरांनी मळ काढला. दुसरे म्हणाले, जन्म भांड्यांच्या ठणठणाटात गेला, असं होणारच. मलाही पटलं. बरंच वाटलं म्हणा ना, धंद्याला दोष देऊन मोकळं होता येतं. यात चौदा महिने गेले. ठणठणाट दोन्ही कानांत शिरतो, मग बहुतेक बिघडतातही दोन्ही. माझा उजवा कान ठणठणीत होता. हे माझ्याही डोक्यात आलं नाही, याचा राग डॉक्टरांपेक्षा स्वतःवर जास्त आहे.

तिसऱ्या ठिकाणी काचेच्या छोट्या खोलीत बसवून तपासणी झाली. शिट्ट्यांच्या चाचणीत डावा कान कमी निघाला, पण अगदीच गेलेला नव्हता. मग शब्दांची चाचणी. उजव्या कानात मुद्दाम खरखर सोडली, म्हणजे त्याने चोरून मदत करू नये, आणि डाव्यात एकेक शब्द. मुलगी सांगत होती, ऐकू येईल तसं म्हणा काका. मी म्हणालो, माती. नंतर कळलं, शब्द पाटी होता. मी काठी म्हणालो, तो गाडी होता. मी सांगितलं, जरा आवाज वाढवा. ती म्हणाली, "काका, आवाज पुरेसा आहे." तिने तरीही वाढवला. आवाज मोठा झाला, शब्द तसाच चोथा. दुकानात तीस वर्षं हंड्यावर बोट वाजवून चीर ओळखणारा माणूस मी, आणि मला पाटी ओळखता येत नव्हती. शंभरातले छप्पन शब्द बरोबर आले. उजव्याने जवळजवळ सगळे सांगितले.

आवाज पोचतो पण शब्द फुटतात, तेही एकाच बाजूला, म्हणजे बिघाड कानाच्या मागे नसेत असू शकतो, असं डॉक्टर म्हणाले आणि एमआरआय लिहून दिला. सीटी स्कॅन स्वस्त पडेल का, असं मी विचारलं. छोटी गाठ त्यात सुटून जाते, म्हणाले. आधी किडनीसाठी रक्त तपासलं, मग मशीनमध्ये अर्ध्यावर शिरेतून औषध दिलं. औषधानंतरच्या फिल्मवर ती पांढरीफेक दिसली. अकरा मिलिमीटर, हाडातल्या बोळात बसलेली आणि तोंड जरा बाहेर काढलेलं.

त्या रात्री मी बायकोला म्हणालो, उद्याच काढू. तेव्हाचा मी आजही मला अधूनमधून भित्रा म्हणतो. त्याला सांगायचं एवढंच की गेलेलं ऐकणं ऑपरेशनने परत येत नाही. उरलेलंही जाऊ शकतं. कानामागून आतला कान पोखरून जायची पद्धत असेल तर जातंच. शिवाय त्याच बोळातून चेहऱ्याची नस जाते. तिला धक्का लागला तर डोळा मिटत नाही, तोंड वाकडं होतं. गाठ मोठी होऊन मेंदूच्या देठाला दाबत असती तर मी हा हिशेब मांडत बसलोच नसतो. रेडिएशनचाही मार्ग आहे. ते गाठीची वाढ थांबवायला असतं, गाठ काढायला नव्हे.

म्हणून लक्ष ठेवायचं ठरलं. सहा महिन्यांनी एमआरआय, मग वर्षाला एक. अकरा, अकरा, बारा. एक मिलिमीटर मोजण्यातलाही फरक असू शकतो, असं सर्जन म्हणाले. मी पेढे आणले.

पण जे मी कुणाला सांगत नाही ते हे. गाठ जागेवर असतानाही ऐकणं घसरतंय. शेवटच्या चाचणीत छप्पनचे चाळीस झाले. छोटी गाठ आणि बरा कान, तेव्हाच ऐकणं वाचवून काढायची संधी जास्त असते. ती संधी मी थांबून घालवतोय का? सर्जनना सरळ विचारलं. ते म्हणाले, तेव्हा काढली असती तर कदाचित त्याच दिवशी शून्य झालं असतं. कदाचित नसतंही.

सध्या गल्ला भिंतीच्या दुसऱ्या बाजूला हलवलाय, गिऱ्हाईक उजवीकडून येतं. रविवार कारंजावर रस्ता ओलांडताना हॉर्न कुठून वाजला ते कळत नाही, तेव्हा बायको दंड धरते. पुढचा एमआरआय दिवाळीनंतर आहे.