पेपर तपासायचं काम मिळतं कसं?

«ताई, मी बी.एस्सी. बी.एड. आहे, गणित शिकवते. पेपर तपासायचं नाहीतर काढायचं काम मिळेल का? कुणाला भेटू?»

बोर्डाच्या उत्तरपत्रिका मागून मिळत नाहीत, ते आधी सांगते. मान्यताप्राप्त शाळेत तो विषय शिकवणाऱ्या शिक्षकांची माहिती शाळेकडून विभागीय मंडळाकडे जाते आणि परीक्षक म्हणून नेमणूकही शाळेमार्फतच येते. शाळेत नोकरी नसेल तर तो रस्ता सोडून द्या. शाळांच्या सराव परीक्षांचे पेपर बऱ्याच ठिकाणी मुख्याध्यापक संघ किंवा विषयाचं अध्यापक मंडळ काढतं. तिथेही शाळेतल्याच शिक्षकांची वर्णी लागते. तुमच्यासाठी खरं दार आहे ते क्लासचं. अभ्यासक्रम संपत आला की टेस्ट सिरीज सुरू होते आणि प्रिलिमपर्यंत क्लासवाल्यांना तपासायला माणसं कमी पडतात. दिवाळीच्या आधी भेटा. डिसेंबरात गेलात तर गठ्ठे वाटून झालेले असतात.

तुम्ही शाळेत नोकरीवर असाल तर एक गोष्ट आधी करा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ ने शिक्षकाला खासगी शिकवणीची मनाई केली आहे. पेपर तपासणं म्हणजे शिकवणी नाही, असं म्हणणारे भेटतील. त्यांच्या भरवशावर राहू नका, मुख्याध्यापकांना लेखी विचारा.

नवीन माणसाला क्लास आधी तपासायला देतो, पेपर काढायला नंतर. पहिला गठ्ठा छोटा असतो आणि त्यातले काही पेपर क्लासच्या सरांनी आधीच तपासलेले असतात, म्हणजे त्यांच्या झेरॉक्सवर तुम्ही दिलेले गुण ताडून बघता येतात. तिथे काय बघतात, ते एका उदाहरणाने सांगते.

बीजगणितात तीन गुणांचा प्रश्न आहे: आयताची लांबी रुंदीपेक्षा ५ सेमीने जास्त, क्षेत्रफळ ८४ चौ.सेमी, तर लांबी-रुंदी काढा. उत्तरसूचीत रुंदी x मानलेली आहे. x(x + 5) = 84, म्हणून x² + 5x − 84 = 0, अवयव (x + 12)(x − 7) = 0. रुंदी ऋण नसते म्हणून x = 7. रुंदी ७ सेमी, लांबी १२ सेमी. गुण असे फोडलेत: चल मानण्याला अर्धा, समीकरणाला अर्धा, सोडवण्याला एक, ऋण किंमत कारण देऊन सोडण्याला अर्धा आणि एककासह उत्तराला अर्धा.

आता एक मुलगा लांबीच x मानतो. त्याचं समीकरण येतं x² − 5x − 84 = 0 आणि x ची किंमत १२. सूचीशी एकही ओळ जुळत नाही, पण लांबी १२, रुंदी ७ हे उत्तर बरोबर आहे आणि त्याला पूर्ण तीन गुण मिळायला हवेत. सूची शेजारी ठेवून नुसत्या ओळी जुळवणारा तपासनीस इथे लाल फुली मारतो.

दुसरी मुलगी लिहिते, «रुंदी x, लांबी x − 5». तिचंही समीकरण तेच येतं, x ही १२ च, आणि शेवटी ती लिहिते, रुंदी १२ सेमी, लांबी ७ सेमी. घाईत डोळ्यांना १२ आणि ७ दिसतात आणि हात बरोबरची खूण करून मोकळा होतो. पण तिच्या आयताची लांबी रुंदीपेक्षा कमी आहे! मी तिला चल मानण्याचा अर्धा, सोडवण्याचा एक आणि ऋण किंमत सोडण्याचा अर्धा, असे दोन गुण देते. समीकरण आणि उत्तर यांचे नाही. काही क्लासमध्ये मात्र समीकरण चुकलं की पुढचं बघतच नाहीत, तिथे तिला अर्धाच गुण मिळेल. एकाच पेपरवर दीड गुणाचा फरक पडला की पालक दोन मुलांचे पेपर शेजारी ठेवून क्लासमध्ये येऊन उभे राहतात. म्हणून गठ्ठा सोडण्याआधी हे विचारून घ्या: एक पायरी चुकली आणि पुढचं तिला धरून बरोबर असेल, तर पुढचे गुण द्यायचे का? हा प्रश्न विचारणारी व्यक्ती क्लासवाल्यांच्या लक्षात राहते.

तपासताना एकेक पेपर संपवत जाऊ नका. सगळ्या गठ्ठ्यातला एकच प्रश्न आधी तपासा, मग पुढचा घ्या. पहिल्या पेपरला सढळ आणि शेवटच्याला कडक, असं मग होत नाही. शेवटी पानं उलटून न तपासलेलं काही राहिलं नाही ना ते बघा, कारण मुलं प्रश्नाचा उरलेला भाग पार मागच्या पानावर लिहून ठेवतात. बेरीज दोनदा करा.

पेपर काढायचं काम आलं की लोक दराला हो म्हणून टाकतात आणि मग अडकतात. दहावी गणिताच्या एका भागाचा बोर्ड पॅटर्नचा पेपर ४० गुणांचा, दोन तासांचा. पण «कोणतेही दोन सोडवा», «कोणतेही चार सोडवा» अशा पर्यायांसकट प्रश्न लिहावे लागतात ६० गुणांचे, आणि उत्तरसूचीही त्या साठांचीच. त्यामुळे दर बोलताना विचारा, उत्तरसूची त्यातच धरली आहे का? आकृत्या आणि टायपिंग कोण करणार? एकच पेपर सगळ्या शाखांना आणि पुढच्या वर्षीही वापरणार का? तपासणीचा दर पेपरमागे असतो. तो ठरवण्याआधी दोन-तीन पेपर घड्याळ लावून तपासून बघा, म्हणजे तासाला काय पडतं ते कळेल.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पुस्तकातल्या प्रश्नाचे आकडे बदलताना. वरच्या प्रश्नात ८४ चं ८५ केलं, दिसायला काहीच बिघडलं नाही. पण 5² + 4 × 84 म्हणजे ३६१, १९ चा वर्ग. ८५ घेतलं की तेच होतं ३६५, आणि ते पूर्ण वर्ग नाही. अवयव पडत नाहीत, मूळ चिन्हाखालची उत्तरं येतात आणि तीन गुणांच्या प्रश्नावर मुलगा पंधरा मिनिटं घालवून बसतो. भूमितीत हाच प्रकार त्रिकोणाच्या बाजूंचा: ४, ५ आणि १० अशा बाजू देणारे पेपर मी बघितलेत, असा त्रिकोण निघूच शकत नाही. यावर उपाय एकच. पेपर काढून झाला की दुसऱ्या दिवशी उत्तरसूची बाजूला ठेवून, कोऱ्या कागदावर, मुलासारखा पूर्ण सोडवा. तुम्हाला एक तास लागला तर मुलांना दोन तास कमी पडतील.

घरबसल्या पेपर तपासणीच्या जाहिरातीत नोंदणीचे किंवा डिपॉझिटचे पैसे आधी मागितले असतील, तर तिथे काम नसतं. अजिबात भरू नका.

क्लासमध्ये पहिल्यांदा जाताना नुसता बायोडेटा नेऊ नका. चार-पाच प्रश्नांचा स्वतः काढलेला छोटा नमुना न्या, सोबत पायरीवार गुण फोडलेली उत्तरसूची, आणि निदान एका प्रश्नाला दुसऱ्या रीतीचं उत्तरही लिहिलेलं. सर ती सूची आधी वाचतात, पदवी नंतर विचारतात.