रफ कट लोकांना दाखवला आणि मग कुणाचं ऐकायचं ते ठरवलं – माझा अनुभव

शॉर्टफिल्म करणाऱ्यांपैकी बरेच जण टेस्ट स्क्रीनिंग करतात, पण नंतर त्या फीडबॅकचं नेमकं काय करायचं यावर कुणी फारसं बोलत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. मी एडिटर आहे. फिल्म सातारा भागातली, ३८ मिनिटांचा रफ कट. गोष्ट साधी आहे, सुनंदा नावाची बाई माहेरी येते आणि मोठा भाऊ तिच्याकडून वडिलोपार्जित जमिनीचं हक्कसोड पत्र करून घेतो. कुठेही आरडाओरडा नाही, सगळं गोड बोलून चाललंय, आणि तेच फिल्मचं खरं दुखणं आहे.

आमच्या डायरेक्टरने आणि मी आधीच ठरवलं होतं की फिल्मवाल्यांना बोलवायचं नाही. ते लोक बघतानाच मनातल्या मनात कट मारत असतात. पुण्यात एका सोसायटीचा हॉल मिळाला, प्रोजेक्टर भाड्याने आणला, आणि १७ जण जमवले. त्यात सोसायटीतल्या काकू होत्या, कॉलेजची चार-पाच पोरं, गावाकडून शहरात आलेलं एक जोडपं, आणि वकिलाकडे कारकून म्हणून काम केलेले एक काका. डायरेक्टर मागे प्रेक्षकांसारखीच बसली, ओळख करून दिलीच नाही, कारण समोर "हिने बनवलीय" असं दिसलं की आपली माणसं वाईट बोलतच नाहीत.

दाखवण्याआधी कटवर थोडं काम करावंच लागतं. आमचं फुटेज लॉगमध्ये होतं, ते तसंच दाखवलं की चित्र पांढरट दिसतं आणि निम्मे फॉर्म "कलर फिका आहे" यानेच भरतात, म्हणून एक साधी LUT, म्हणजे रंग नेहमीसारखे दाखवणारी तयार सेटिंग, लावून टाकली. डायलॉगची लेव्हल सारखी केली आणि जिथे शॉट राहिला होता तिथे "इथे पावसाचा शॉट येणार" अशी पाटी टाकली. सुरुवातीला एवढंच सांगितलं की कलर आणि आवाज फायनल नाहीत, गोष्टीबद्दल चकार शब्द नाही.

सगळ्यांची परवानगी घेऊन एक फोन ट्रायपॉडवर प्रेक्षकांकडे तोंड करून लावला होता आणि हे मला सगळ्यात उपयोगी पडलं. नंतर तो व्हिडिओ फिल्मच्या टाइमलाइनवर आवाजाने सिंक करून एका कोपऱ्यात लहान चौकोनात ठेवला, मग कुठल्या सेकंदाला लोक काय करतायत ते दिसत राहतं. अंधारात चेहरे नीट दिसत नाहीत, पण कुणी मोबाईल काढला की तोंडावर उजेड पडतो तो लगेच कळतो. दहाव्या मिनिटापर्यंत एकही उजेड नव्हता, आणि मग स्वयंपाकघराच्या सीनमध्ये एकामागून एक पाच चेहरे उजळले.

फिल्म संपल्यावर कुणी बोलायच्या आत कागद वाटले. एका पानाचा मराठी फॉर्म, प्रश्न मोजकेच: गोष्ट तीन-चार वाक्यांत सांगा, कुठे लक्ष उडालं, कुठे काही कळलं नाही, कुणाचा राग आला, आणि शेवटी काय झालं असं तुम्हाला वाटतं. "काय बदल करावेत" हा प्रश्न मुद्दाम टाळला. ज्यांना लिहायचा कंटाळा होता त्यांना बाजूला घेऊन तोंडी विचारलं आणि माझ्या मित्राने त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतलं. फॉर्म जमा झाल्यावरच चर्चा. हा क्रम का महत्त्वाचा ते तिथेच दिसलं. चर्चेत एक गृहस्थ ठामपणे म्हणाले की सुरुवातच लांबलीय, एसटीचा प्रवास काढून टाका, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, पण फॉर्ममध्ये सुरुवातीबद्दल तक्रार फक्त तिघांची होती. आधी लिहून घेतलं नसतं तर मी घरी जाऊन एसटीचा सीन कापला असता आणि मूळ दुखणं तसंच राहिलं असतं.

दोन दिवस फॉर्मना हातच लावला नाही, डायरेक्टरचंही तेच म्हणणं होतं, कारण त्या रात्री फक्त टोमणेच आठवतात. मग एक शीट बनवली. पहिल्या कॉलममध्ये टाइमकोड, दुसऱ्यात माणसाचे शब्द जसेच्या तसे, तिसऱ्यात किती जणांनी म्हटलं, आणि चौथा कॉलम "हे कशामुळे वाटलं असेल" असा, तो सुरुवातीला पूर्ण रिकामा. खरं काम त्या चौथ्या कॉलमचंच आहे, कारण प्रेक्षकाला त्रास झाला हे शंभर टक्के खरं असतं, पण तो कशामुळे झाला हे त्याला सांगता येईलच असं नाही. हॉलिवूडचे एडिटर वॉल्टर मर्च यांनी याला छान उदाहरण दिलंय, की कोपर दुखतोय म्हणून डॉक्टरकडे गेलात तरी मूळ खांद्यात दबलेल्या नसेत असू शकतं, आणि मग कोपराचं ऑपरेशन करून काही उपयोग नाही.

आमचा कोपर म्हणजे तो स्वयंपाकघराचा सीन. सुनंदा आणि वहिनी पुरणपोळ्या करतायत, वहिनी जुन्या आठवणी काढते, मुलांचं विचारते, सुनंदाच्या पोळीवर दोनदा तूप वाढते. साधारण चार मिनिटं. १७ पैकी ११ जणांनी हा सीन "लांब", "कंटाळवाणा", "गोष्ट पुढे सरकत नाही" असा लिहिला होता, वर मोबाईलचे उजेडही तिथेच, म्हणजे पुरावा भक्कम. सरळ उपाय म्हणजे सीन दोन मिनिटांवर आणणे. मी करूनही बघितलं, आणि सीन लहान झाला पण तितकाच पोकळ वाटला, उलट वहिनी कोण, कशी, तेही कळेना.

मग पहिल्या प्रश्नाची उत्तरं परत वाचली, गोष्ट सांगा वाली. जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं होतं की "एक बाई माहेरपणाला येते आणि मग तिला कळतं की..." म्हणजे ती सहीसाठी बोलावली गेलीय हे प्रेक्षकाला स्वयंपाकघरात माहीतच नव्हतं! स्क्रिप्टमध्ये ते सतराव्या मिनिटाला उघड होत होतं, भाऊ रात्री फोनवर म्हणतो, "ताई आलीय, सही झाली की विषय संपला." स्क्रिप्टला तिथे धक्का द्यायचा होता. पण तो धक्का राखून ठेवण्यासाठी आम्ही चार मिनिटं वहिनीचं गोड बोलणं बिनअर्थाचं करून टाकत होतो. सही ठाऊक असेल तर तूप वाढणारा तोच हात बघताना पोटात गोळा येतो, आणि ठाऊक नसेल तर दोन बायका पोळ्या करतायत, बस्स.

म्हणून ते वाक्य पुढे आणलं. चित्रासकट आणता येईना, कारण फोनचा सीन रात्रीचा आणि भावाच्या अंगावर वेगळा शर्ट. मग नुसता आवाज उचलला आणि एसटी गावच्या फाट्यावर थांबते त्या शॉटवर टाकला. "आलीय"चं "येतीय" हवं होतं, ते ॲक्टरकडून फोनवर रेकॉर्ड करून मागवलं, फायनल डबिंगला नीट घेऊ असं ठरवून. रात्रीच्या सीनमधून ते वाक्य काढलं, तिथे आता भाऊ फोन ठेवतो आणि अंगणात उभा राहतो एवढंच आहे. एक धक्का गेला, पण आम्हा दोघांनाही तो सौदा पटला. स्वयंपाकघराचा सीन मात्र एका फ्रेमनेही हलवला नाही, हे मुद्दाम, म्हणजे पुढच्या स्क्रीनिंगला आमचा अंदाज खरा की खोटा ते कळेल.

दुसरी गोष्ट शेवटाची. आमच्या दृष्टीने सुनंदा सही करते, यात काही संदिग्ध नाहीच. पण फॉर्ममध्ये आठ जणांनी लिहिलं सही केली, सहा जणांनी लिहिलं नाही केली, तिघांनी "कळलं नाही". डायरेक्टरला क्षणभर वाटलं की ठीक आहे, ओपन एंडिंग म्हणू. मी त्याला कडाडून विरोध केला. मुद्दाम मोकळा सोडलेला शेवट असेल तर लोक त्यावर वाद घालतात. इथे कुणी वाद घातलाच नाही, ते तिघं सोडले तर प्रत्येकाने आपलं उत्तर खात्रीने लिहिलं होतं, म्हणजे निम्मे लोक वेगळीच फिल्म बघून घरी गेले.

याचा उपाय एकाच माणसाच्या नोटमध्ये सापडला. ते कारकून काका, त्यांनी लिहिलं होतं, "रजिस्ट्रार ऑफिसात नुसत्या सहीने होत नाही, अंगठा आणि फोटो घेतात, तो दाखवला नाही." बाकी सोळा जणांना हे खटकलं नव्हतं. पण ही मताची गोष्टच नाही, कामकाजाची आहे, त्यामुळे एकाने म्हटलं तरी पुरे. शिवाय आम्ही ते शूट केलेलं होतं, पेन कागदावर टेकलं की सीन संपावा म्हणून एडिटमध्ये वगळलं होतं. तो तुकडा परत टाकला, अंगठा मशिनवर आणि मग कॅमेऱ्यासमोर बसलेली सुनंदा कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर दिसते. सगळे मिळून सात सेकंद. आता सही झाली की नाही हा प्रश्नच उरत नाही.

आणि जे नाही ऐकलं तेही सांगतो. नऊ जणांनी लिहिलं होतं की भावाला काहीतरी शिक्षा व्हायला हवी होती, एका काकूंनी तर दोन ओळी खोडून परत जोरात लिहिलं होतं की "त्याला झोप कशी लागते". आकड्याने बघितलं तर ही दुसऱ्या नंबरची तक्रार. पण चौथ्या कॉलममध्ये मी लिहिलं, "फिल्म चालतेय." कारण हे लोक गोंधळले नव्हते, कंटाळले नव्हते, त्यांना राग आला होता, आणि तोच आम्हाला हवा होता. भावाला शिक्षा दिली की तो राग हॉलमध्येच विझतो. या ओळीवर आम्ही दोघांनी पाच मिनिटंही घालवली नाहीत.

आत्याच्या सीनबद्दल चौघांनी "नाटकी वाटतं" लिहिलं होतं, तो सीन तात्पुरतं लावलेलं टेम्प म्युझिक म्यूट करून बघितला आणि ॲक्टिंग एकदम नॉर्मल वाटली. व्हायोलिन आधीच रडत होतं. काढून टाकलं.

दुसरं स्क्रीनिंग कराडला, पूर्ण नवीन १४ लोक, कारण पहिल्यांना आता गोष्ट माहीत आहे, त्यांचं मत या कामाला चालत नाही. फॉर्म तोच. स्वयंपाकघर "लांब" म्हणणारे दोघे निघाले, आणि तिघांनी "कुणाचा राग आला"च्या पुढे भावाऐवजी वहिनीचं नाव लिहिलं, हे पहिल्या वेळी एकानेही लिहिलं नव्हतं. व्हिडिओत त्या चार मिनिटांत एकच मोबाईल निघाला. शेवटी सही झाली हे एक जण सोडून सगळ्यांना कळलं. अर्थात गाव वेगळं, माणसं वेगळी, त्यामुळे सगळा फरक आमच्या बदलांमुळेच पडला असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण सीन तोच ठेवून उत्तर इतकं बदलणं मला पुरेसं होतं.

एक नवीन तक्रार मात्र आली. एसटीवरचं भावाचं वाक्य दोघा-तिघांना ऐकूच आलं नाही, इंजिनच्या आवाजात बुडालं. ज्यांनी सीन लांब म्हटला ते दोघे त्यातलेच होते. त्यामुळे पिक्चर लॉक केलं, म्हणजे चित्राचं एडिट कायम केलं, आणि साउंड डिझायनरला पाठवलेल्या यादीत पहिली ओळ हीच लिहिली, की फाट्यावर एसटीचं इंजिन बंद होऊ दे आणि मगच वाक्य येऊ दे.